मॉलची सूट आणि कांद्याची पट्टी: गाव-शहर मिश्र वर्गासाठी प्रश्न काढताना

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आठवीच्या चाचणीत एक साधा प्रश्न दिला होता. 'एका वस्तीत ४५ घरे आहेत. त्यांपैकी शेकडा ६० घरांत नळ आहे. किती घरांत नळ नाही?' उत्तर १८. मोहोळकडून रोज एसटीने येणाऱ्या एका मुलीने उत्तर लिहिलं होतं २. मी लाल रेघ मारली आणि पुढे गेलो. पेपर वाटल्यावर ती जागेवरून म्हणाली, "सर, वस्तीवर पंचेचाळीस घरं कुठं असत्यात? आमच्या वस्तीवर तर तीनच हायती. मला वाटलं छापताना चुकलंय, म्हणून मी पाच धरली."

पाचाचे शेकडा ६० म्हणजे तीन, उरली दोन. तिचं गणित बरोबर होतं. चुकला होता तो माझा शब्द. शहरात वस्ती म्हणजे दाटीवाटीची घरं. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यात वस्ती म्हणजे गावापासून लांब, रानात बांधलेलं घर, फार तर भावकीची चार-पाच घरं. (आणि 'रान' म्हणजे शेत. पुण्याचं पोर 'रानात गेले' वाचून जंगल डोळ्यासमोर आणतं, ते वेगळंच.) त्या मुलीला शतमान येत होतं आणि माझ्या वहीत तिला शून्य गुण होते.

सोलापुरात नव्याने शिकवायला येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझा विषय गणित, त्यामुळे आठवीच्या 'सूट व कमिशन' या एकाच घटकाचं उदाहरण शेवटपर्यंत घेणार आहे. हा घटक मुद्दाम निवडलाय. यातली सूट शहरातल्या दुकानात मिळते आणि कमिशन बाजार समितीत दिसतं, म्हणजे एकाच धड्यात दोन्ही बाजूंची पोरं आळीपाळीने अडखळतात.

आधी वर्ग कोणाचा आहे ते लिहून काढा

'गाव' आणि 'शहर' असे दोन रकाने करून भागत नाही. पूर्व भागातलं पोर जन्मापासून सोलापूर शहरात राहतं, पण घरी तेलुगू बोलतं. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरच्या गावातून आलेल्याच्या घरी कन्नड असतं. कुणाच्या घरी उर्दू, तांड्यावरून आलेल्याच्या घरी लमाणी. शहरातल्या मराठी घरातला मुलगा आणि मंगळवेढ्याच्या मराठी घरातला मुलगा यांची मराठीही एक नाही. पहिला 'काय करतोयस' म्हणेल, दुसरा 'काय करलालायस'. दोघंही प्रश्नपत्रिकेतली 'खालीलपैकी', 'प्रत्येकी', 'उर्वरित' ही मराठी घरी कधी बोलत नाहीत.

म्हणून एका वहीत प्रत्येक मुलापुढे दोनच नोंदी करा. रोज कुठून येतो, आणि घरी कोणती भाषा. बोर्डिंगात राहणाऱ्या मुलाचं मूळ गाव लिहा, बोर्डिंगचा पत्ता नको. ही वही तुमच्यापाशीच ठेवा. तिचा उपयोग परीक्षेनंतर मोजणी करायला आहे, वर्गात 'गावाकडची पोरं हात वर करा' असं म्हणायला नाही.

प्रश्नाखाली एक ओळ लिहा

कच्चा प्रश्न लिहून झाला की खाली लिहा: 'हा सोडवायला मुलाला काय यायला हवं?' उदाहरणार्थ, 'छापील किंमत आणि शेकडा सूट दिली असता विक्री किंमत काढता येणे.' एवढंच. आता प्रश्न पुन्हा वाचा आणि या ओळीत नसलेलं जे काही प्रश्नात लागतंय त्याखाली रेघ ओढा.

मी एकदा लिहिलेला प्रश्न असा होता: 'एका मॉलमधील एंड ऑफ सीझन सेलमध्ये जीन्सवर फ्लॅट ४०% ऑफ आहे. एमआरपी १५०० रुपये असल्यास बिलिंग काउंटरवर किती रक्कम भरावी लागेल?'

मॉल, एंड ऑफ सीझन, सेल, फ्लॅट, ऑफ, एमआरपी, बिलिंग काउंटर. सात ठिकाणी रेघ आली, आणि यातला एकही शब्द खालच्या ओळीत नाही. 'सेल' म्हणजे बॅटरीतला सेल असंही काहींना वाटतं. 'फ्लॅट' वाचून पोरं चक्क इमारतीतलं घर समजतात, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. 'ऑफ'चा घोळ जास्त वाईट आहे. '४०% ऑफ' म्हणजे ४० टक्के कमी, की १५०० चे ४० टक्के? इंग्रजीत दोन वेगळे 'ऑफ' आहेत. देवनागरीत आणि कानाला ते सारखेच. दुसरा अर्थ घेतला तर उत्तर ६०० येतं, आणि गणित म्हणून ते चूकही नाही.

इथे नवीन शिक्षकांकडून एक उलटी चूकही होते. सोपं करायच्या नादात ते 'छापील किंमत', 'विक्री किंमत', 'शेकडा', 'कमिशन' हेही शब्द काढून टाकतात. ते काढू नका. ते धड्याचे शब्द आहेत, शिकवलेले आहेत, आणि सगळ्यांसाठी सारखेच नवे आहेत. मुलाला 'छापील किंमत' कळली नाही तर ती शिकवण्यातली उणीव आहे आणि ती पेपरात दिसलीच पाहिजे. 'बिलिंग काउंटर' कळला नाही तर ते फक्त त्याच्या घरापासून मॉल किती लांब आहे हे सांगतं.

प्रश्न असा झाला: 'एका दुकानात एका पँटची छापील किंमत १५०० रुपये आहे. दुकानदार छापील किमतीवर शेकडा ४० सूट देतो. पँट घेण्यासाठी किती रुपये द्यावे लागतील?' उत्तर ९००. अवघडपणा तेवढाच राहिला. मॉलची हवा तेवढी गेली.

गावचा प्रश्न घातला की झालं, असं नसतं

मॉल काढा म्हटलं की उत्साही शिक्षक लगेच शेतात शिरतो. मीही शिरलो होतो. सोलापूरची बाजार समिती कांद्यासाठी नावाजलेली, तेव्हा कमिशनचा प्रश्न कांद्यावर काढला:

'१२ क्विंटल कांदा अडत्याकडे लावला. लिलावात १८०० भाव निघाला. शेकडा ६ अडत वजा जाता पट्टी किती रुपयांची झाली?'

१२ गुणिले १८०० म्हणजे २१,६००. त्याचे शेकडा ६ म्हणजे १,२९६. उरले २०,३०४. मला वाटलं होतं, गावाकडची पोरं खूश होतील.

शहरातली मुलं पहिल्याच ओळीला अडली, हे अपेक्षित होतं. 'लावला' म्हणजे पेरला का? १८०० कशाचा, गोणीचा की क्विंटलचा? (प्रश्नात लिहिलेलंच नव्हतं. ज्याने लिलाव पाहिलाय त्याला ते सांगावं लागत नाही.) आणि पट्टी म्हटल्यावर, म्हणजे अडत्या शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाऐवजी, त्यांच्यापुढे मोजपट्टी आली.

अपेक्षित नव्हतं ते दुसरंच. कांदा पिकवणाऱ्या घरातल्या दोन मुलांनी उत्तर लिहिलं २१,६००. बाहेर बोलावून विचारलं तर एक म्हणाला, "सर, अडत आता घेणाऱ्याकडनं घेत्यात. आमच्या पट्टीत कापत न्हाईत." त्याचं बरोबर होतं. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. तिसऱ्या मुलाने हमाली, तोलाई आणि टेम्पोचं भाडं अंदाजाने वजा केलं होतं, कारण खऱ्या पट्टीत ते असतंच. माझ्या प्रश्नातली पट्टी या जगात कुठेच निघत नव्हती आणि ते ओळखणाऱ्यालाच गुण गेले.

ज्याला एखादी गोष्ट जवळून माहीत आहे तो तिचं खरं ज्ञान प्रश्नात आणतो. प्रश्न काढणाऱ्याला मात्र ते ज्ञान नको असतं, त्याला शाळेतला खोटाखोटा कांदा हवा असतो. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये बॅरी कूपर आणि मरेड डन या संशोधकांनी लिफ्टच्या एका प्रश्नावर मुलांची उत्तरं तपासली. लिफ्टमध्ये जास्तीत जास्त १४ माणसं मावतात, सकाळच्या गर्दीत २६९ जणांना वर जायचंय, तर लिफ्टला किती फेऱ्या लागतील? भागाकार १९ पूर्णांक काहीतरी येतो, उत्तर २० हवं. म्हणजे 'अर्धी फेरी नसते' एवढं वास्तव मुलाने आणायचं, पण 'काही लोक जिन्याने जातील' हे वास्तव आणायचं नाही. नेमकं किती वास्तव आणायचं हा अंदाज सगळ्यांना सारखा नसतो. कामगारांच्या घरांतली मुलं अशा प्रश्नांत रोजचं जगणं जास्त आणतात आणि त्यात त्यांची खरी गणिती क्षमता झाकली जाते, असं त्यांना आढळलं.

मग कांद्याचा प्रश्न दुरुस्त कसा करायचा? माझा पहिला उपाय होता 'इतर कोणताही खर्च नाही असे समजा' ही ओळ जोडायची. नियमाने चालतं, पण ज्याच्या बापाने कालच पट्टी घरी आणलीय त्याला ती ओळ हास्यास्पद वाटते. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याला किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात २ रुपये ४९ पैसे उरले. ती बातमी देशभर फिरली. आमच्या वर्गातल्या काही घरांत अशा पट्ट्या आलेल्या होत्या. परीक्षेच्या अर्ध्या तासात पोराला त्या आठवणीत ढकलायची गरज नाही. कांदा वर्ज्य करा असं नाही, पण भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याचा तोटा काढायला लावणारा प्रश्न मी टाळतो.

दुसरा उपाय जास्त चांगला निघाला. प्रश्न खऱ्या व्यवहाराप्रमाणेच लिहायचा आणि लागेल ती माहिती त्यातच द्यायची:

'एका व्यापाऱ्याने लिलावात १२ क्विंटल कांदा घेतला. भाव दर क्विंटलला १८०० रुपये होता. कांद्याच्या किमतीवर शेकडा ६ कमिशन त्याला दलालाला वेगळे द्यायचे आहे. व्यापाऱ्याला एकूण किती रुपये द्यावे लागतील?'

२१,६०० अधिक १,२९६, म्हणजे २२,८९६. 'दलाल' आणि 'कमिशन' हे धड्यातले शब्द. बाजार कधीच न पाहिलेल्या मुलालाही सगळं कागदावर सापडतं, आणि बाजार पाहिलेल्याला काही खटकत नाही. मी या दोन कसोट्या एकत्रच लावतो: माहीत नसलेल्याला अडू नये आणि माहीत असलेल्याला खोटं वाटू नये. पहिली कसोटी सगळे लावतात, दुसरी विसरतात.

सर्वांना खरोखर सारख्या असणाऱ्या जागाही आहेत. एसटीचं तिकीट, शाळेची वही-पेन, वर्गातली बाकं, क्रिकेटच्या धावा, मोबाइलचा रिचार्ज, गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा. पण सगळा पेपर तिथेच मांडू नका, कंटाळवाणा होतो. निम्मे प्रश्न अशा जागांवर ठेवा, उरलेल्यांत एखादा यंत्रमागावरच्या चादरींचा, एखादा ठिबकच्या नळीचा घाला आणि प्रत्येकाला वरच्या दोन कसोट्या लावा. 'गुंठा' आला तर कंसात १०८९ चौरस फूट लिहा. 'ब्रास' आला तर १०० घनफूट. शेतकऱ्याच्या पोराला ते पाठ असतं आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने ऐकलेलं नसतं.

नावांबद्दल फार लिहीत नाही. वर्षभराच्या प्रश्नपत्रिका एकदा समोर ठेवून नावं मोजा. आमच्या गावात बसवराज, शबाना, नागमणी, अंबादास हे सगळे असतात. प्रश्नांत मात्र रमेश, सुरेश आणि सीता. आणि सीता कायम भाजी घेते, सुरेश कायम जमीन.

वाक्यं तोडा, आकडे अंकात लिहा

'दुकानदाराने छापील किमतीवर दिलेल्या सूटीनंतर ग्राहकाकडून घेतलेल्या रकमेवर झालेला नफा काढा' हे वाक्य गणित येणाऱ्यालाही तीनदा वाचावं लागतं. यात एकाच वाक्यात तीन कामं कोंबली आहेत आणि कोणी काय केलं ते शेवटपर्यंत लटकत राहतं. एका वाक्यात एक गोष्ट सांगा आणि प्रश्न शेवटच्या वाक्यात एकटा ठेवा. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला याचा सर्वांत जास्त फायदा होतो, आणि बाकीच्यांचं काही नुकसान होत नाही.

आकड्यांचं एक खास सोलापुरी प्रकरण आहे. तोंडी प्रश्न विचारताना किंवा फळ्यावर न लिहिता सांगताना ते उघडं पडतं. मराठीत छत्तीस म्हणताना आधी सहा येतात, मग तीस. तेलुगूत 'मुप्पै आरु' आणि कन्नडमध्ये 'मूवत्तारु', म्हणजे आधी तीस, मग सहा. त्यामुळे ऐकून लिहिताना छत्तीसचे त्रेसष्ट होतात, आणि आपण समजतो पोराला गुणाकार येत नाही. तसंच 'पावणेदोनशे', 'सव्वाशे', 'अडीच हजार'. मराठी घरातल्या पोराला हे आजीच्या मांडीवर मिळतं. लेखी पेपरात १७५, १२५, २५०० लिहा. 'पावणेदोनशे' समजतं का हेच तपासायचं असेल तर तसा वेगळा प्रश्न काढा, पण तो शतमानाच्या प्रश्नात लपवू नका.

दोन मुलांपुढे वाचा

पेपर छापायला देण्याआधी हे जरूर करा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या तुकडीतली किंवा गेल्या वर्षी तो घटक झालेली दोन मुलं घ्या, एक शहरातलं, एक गावाकडचं. दोघंही मध्यम असू द्या. हुशार पोर आपला वाईट प्रश्नही सावरून घेतं, त्याच्याकडून काही कळत नाही. एकेकालाच बसवा, कारण एकत्र बसवलं की गावचं पोर गप्प राहतं.

'समजलं का?' हा प्रश्न विचारू नका. उत्तर 'हो सर' असंच येणार. त्याऐवजी म्हणा, "यात काय विचारलंय ते तुझ्या भाषेत सांग." आणि ऐका. कन्नड घरातल्या पोराला कन्नडमध्ये सांगू द्या, शेजारच्या मुलाकडून अर्थ घ्या. मग दुसरा प्रश्न: "असं खरंच असतं का रे?" अडतीची गोष्ट मला याच प्रश्नाने आधी कळली असती, पेपर झाल्यावर कळायची वेळ आली नसती. तिसरं, सोडवायला सांगू नका. सोडवायला लागला की तो आकडे उचलून काहीतरी गुणतो आणि समज झाकली जाते.

पेपर झाल्यावर मोजा, पण सरळ टक्के काढू नका

समजा तुमच्या वर्गात ४६ मुलं आहेत, २४ शहरातली आणि २२ गावांतली. एका गुणाचा एक असे २० प्रश्न होते. सातवा प्रश्न शहरातल्या १८ जणांना आला, गावाकडच्या ९ जणांना. म्हणजे ७५ टक्के आणि ४१ टक्के. लगेच 'प्रश्न पक्षपाती' म्हणू नका. सुगीत शाळा बुडालेली असेल, एसटी उशिरा येत असेल, पहिला तास रोजच चुकत असेल. गावची मुलं सगळ्याच प्रश्नांत थोडी मागे असतील तर दोष या एका प्रश्नाचा नाही.

म्हणून सारख्या तयारीच्या मुलांची सारख्यांशी तुलना करायची. सातवा प्रश्न सोडून उरलेल्या १९ प्रश्नांतले गुण घ्या आणि तीन थर करा: ० ते ६, ७ ते १३, १४ ते १९. मग प्रत्येक थरात सातवा प्रश्न किती जणांना आला ते मोजा.

खालच्या थरात शहरातल्या ६ पैकी २ जणांना आला आणि गावाकडच्या ८ पैकी २. फारसा फरक नाही. वरच्या थरात शहरातल्या आठही जणांना, गावाकडच्या ५ पैकी ४ जणांना. तिथेही जवळपास सारखंच. मधल्या थरात मात्र शहरातल्या १० पैकी ८ आणि गावाकडच्या ९ पैकी फक्त ३. बाकीच्या पेपरात एकमेकांइतके गुण मिळवणारी ही मुलं नेमकी याच प्रश्नात दुभंगली. आता संशयाला जागा आहे.

अकराव्या प्रश्नाशी ताडून पाहा. शहर १७, गाव १३, म्हणजे ७१ आणि ५९ टक्के, वरवर इथेही अंतर आहे. पण थर पाडले की खाली ६ पैकी १ आणि ८ पैकी १, मध्ये १० पैकी ८ आणि ९ पैकी ७, वर सगळ्यांनाच आला. अंतर विरघळलं. गावाकडची जास्त मुलं खालच्या थरात आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रश्न ठीक आहे, मेहनत शिकवण्यात घ्यायला हवी.

मोठ्या परीक्षांमध्ये हेच तत्त्व मँटेल-हेन्झेल नावाच्या सांख्यिकी पद्धतीने वापरतात, आणि तिथे प्रत्येक गटात शेकडो मुलं लागतात. आपल्या नऊ-दहा मुलांच्या थरात दोघांची उत्तरं बदलली की टक्केवारी वीसने हलते. त्यामुळे ही मोजणी निकाल देत नाही. कोणते पेपर पुन्हा उघडायचे एवढंच ती सांगते. आणखी एक मर्यादा आहे. निम्मा पेपरच मॉल आणि मेट्रोने भरलेला असेल तर उरलेल्या १९ प्रश्नांचे गुणही वाकडेच असणार, आणि थर पाडून काही दिसणार नाही. म्हणून ही मोजणी आधीच्या पायऱ्यांऐवजी चालत नाही. वहीतल्या दुसऱ्या रकान्याने, म्हणजे घरच्या भाषेनेही एकदा मोजून पाहा. माझ्या अनुभवात लांब वाक्यांचे प्रश्न गाव-शहरापेक्षा तिथेच जास्त फाकतात.

पेपर उघडल्यावर चुकीची उत्तरं वाचा. जीन्सच्या प्रश्नात कोणी १४६० लिहिलं असेल तर त्याने ४० टक्क्यांचे ४० रुपये केले. ही गणिताची चूक आहे, प्रश्न निर्दोष. ६०० लिहिलं असेल तर दोन शक्यता आहेत: सूट काढून थांबला, किंवा 'ऑफ'ने फसवलं. त्याला बोलावून विचारल्याशिवाय कळत नाही. आणि एकाच गटातल्या पाच-सहा जणांनी जागा कोरी सोडली असेल, पुढचे अवघड प्रश्न मात्र सोडवले असतील, तर मी तो प्रश्न माझीच चूक मानतो. गणित न येणारं पोर सहसा काहीतरी खरडतं. कोरं सोडतं ते पहिलं वाक्यच न लागलेलं पोर.

गुणांचं काय करायचं

प्रश्न खरंच दोषी निघाला तर तो सगळ्यांसाठी रद्द करा आणि चाचणी १९ गुणांची धरा. फक्त गावाकडच्यांना एक गुण वाढवून देण्याचा मोह होतो. ते करू नका. शहरातल्या ज्या सहा जणांना तो आला नाही, त्यांच्यातही घरी तेलुगू बोलणारा कोणी असेल, आणि वर्गात 'यांना फुकटचा गुण' असं सुरू झालं की ती पोरं पुढच्या वेळी शंका विचारायला उभीच राहत नाहीत. रद्द करताना वर्गाला सरळ सांगा, "हा प्रश्न मी नीट लिहिला नव्हता."

तो प्रश्न फेकू मात्र नका. एका फायलीत मूळ प्रश्न, रेघा ओढलेले शब्द, मुलं काय म्हणाली ते आणि दुरुस्त प्रश्न असं एका पानावर ठेवा. माझ्या फायलीत पहिलं पान वस्तीचं आहे. त्याखाली दुरुस्ती लिहिली आहे: 'एका गावात ४५ घरे आहेत.' आणि पेन्सिलीने त्या मुलीचं उत्तर, २, त्याभोवती गोल.